एका टेम्पोतली पाच रसायने

इचलकरंजीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या प्रोसेस हाउसची महिन्याची मागणी पाहू. सुताचे आणि कापडाचे ब्लीचिंग करायला ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. कापड उकळायला कॉस्टिक सोडा फ्लेक्स. शेवटी कापडातला अल्कलीचा अंश मारायला ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. काही मालासाठी सोडियम हायपोक्लोराइट. आणि व्हॅट रंगांसाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला रंगखात्यात सगळे ‘हायड्रोज’ म्हणतात. भिवंडीच्या गोडाऊनमधून हा सगळा माल एकाच बिलावर, एकाच टेम्पोने निघाला तर भाड्याला परवडतो. पेरॉक्साइडचे ३० कॅन, अ‍ॅसिटिकचे २०, हायपोचे २०, कॉस्टिकच्या २० गोण्या, हायड्रोजचे १० पत्र्याचे ड्रम. वर ताडपत्री, मागे फाळका बंद, आणि गाडी पुणे-साताऱ्याच्या रस्त्याला लागते.

ही गाडी मी उदाहरणासाठी भरली आहे, पण मागणीतली एकही वस्तू दुर्मीळ नाही. यातले प्रत्येक रसायन आपापल्या डब्यात शांत असते. प्रश्न आहे तो कोण कोणाच्या शेजारी बसले याचा. त्याचे उत्तर गाडीवरच्या पाटीवर मिळत नाही, आणि ते का मिळत नाही हे कळायला आधी पाटी कशी ठरते ते पाहावे लागेल.

जगभर धोकादायक मालाची वर्गवारी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आखलेल्या पद्धतीने होते. तिच्या शिफारशी पहिल्यांदा १९५६ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि त्या वेळोवेळी सुधारल्या जातात. एकूण नऊ वर्ग आहेत. स्फोटके पहिल्या वर्गात, वायू दुसऱ्यात, पेट घेणारे द्रव तिसऱ्यात. चौथ्या वर्गात पेट घेणारे घन पदार्थ, आपोआप तापणारे आणि पाण्याशी भांडणारे. पाचव्यात ऑक्सिडायझर आणि ऑरगॅनिक पेरॉक्साइड, सहाव्यात विषारी व संसर्गजन्य, सातव्यात किरणोत्सारी, आठव्यात कातडी आणि धातू खाणारे, आणि यांत कुठेच न बसणारे नवव्यात. त्याशिवाय प्रत्येक पदार्थाला किंवा पदार्थांच्या गटाला चार आकडी यूएन नंबर असतो. आणि धोका किती तीव्र आहे हे सांगायला पॅकिंग ग्रुप असतो: एक म्हणजे सर्वांत घातक, तीन म्हणजे त्या मानाने सौम्य.

आठव्या वर्गाच्या बाबतीत ही तीव्रता कशी ठरते ते पाहण्याजोगे आहे. पदार्थ तीन मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागून कातडीची पूर्ण जाडी जळाली तर ग्रुप एक. तीन मिनिटांपासून तासाभरापर्यंत लागले तर ग्रुप दोन. एक ते चार तास लागले तर ग्रुप तीन. म्हणजे हमालाच्या हातावर शिंतोडा उडाला तर त्याला नळापर्यंत पोचायला किती वेळ आहे याचा हा हिशेब आहे. ग्लेशियल अ‍ॅसिटिक आणि कॉस्टिक फ्लेक्स दोन्ही ग्रुप दोनमध्ये येतात.

वर्ग फक्त नावावरून ठरत नाही, तीव्रतेवरूनही ठरतो. पेरॉक्साइडचेच घ्या. औषधाच्या दुकानातली जखम धुण्याची बाटली या नियमांत येतच नाही. ८ टक्क्यांपासून २० टक्क्यांच्या आत असेल तर यूएन २९८४, आणि धोका एकच: ऑक्सिडायझर. २० ते ६० टक्के असेल तर यूएन २०१४, आणि मुख्य धोका ऑक्सिडायझरचा असला तरी सोबत आठव्या वर्गाचा दुय्यम धोका चिकटतो. ६० टक्क्यांच्या वर यूएन २०१५, पॅकिंग ग्रुप एक. म्हणून बिलावर नुसते ‘पेरॉक्साइड’ लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. आपल्या गाडीतला ५० टक्क्यांचा माल यूएन २०१४ आहे, आणि त्याच्या कॅनवर दोन लेबले हवीत: पिवळा चौकोन आणि काळा-पांढरा चौकोन, दोन्ही कोपऱ्यावर उभे.

अ‍ॅसिटिकचेही तसेच. ८० टक्क्यांहून तीव्र असेल तर यूएन २७८९, मुख्य वर्ग आठ, दुय्यम वर्ग तीन, कारण ते सुमारे ४० अंश सेल्सियसला पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. एप्रिल-मे महिन्यात ताडपत्रीखालचे तापमान त्या आकड्याच्या आसपास सहज जाते. १० ते ८० टक्क्यांचे द्रावण असेल तर नंबर बदलून २७९० होतो आणि तिसऱ्या वर्गाचे लाल लेबल गळून पडते. स्वयंपाकघरातले व्हिनेगर त्याहून खाली, त्यामुळे नियमाबाहेर.

बाकीचे तीन सरळ आहेत. सोडियम हायपोक्लोराइट यूएन १७९१, वर्ग आठ. कॉस्टिक फ्लेक्स यूएन १८२३, वर्ग आठ. हायड्रोज यूएन १३८४, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापणारा पदार्थ. त्याचे लेबल वरून पांढरे, खालून लाल.

हे नाव नेमके लिहिण्याबद्दल इतका हट्ट का, याचे उत्तर आपल्या मागणीतच आहे. बाजारात ‘हायपो’ म्हणून दोन वस्तू चालतात. एक हायपोक्लोराइट. दुसरी सोडियम थायोसल्फेट, जी ब्लीचिंगनंतर उरलेला क्लोरीन मारायला वापरतात आणि जी धोकादायक मालात मोडत नाही. बिल्टीवर ‘हायपो २० नग’ एवढेच असेल तर अपघाताच्या जागी पोचलेल्या अग्निशमन दलाच्या जवानाला काय समजायचे?

आता गाडीच्या बाहेरची पाटी. आपल्याकडे यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आहेत आणि त्यातले १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाबद्दल आहेत. नियम १३० सांगतो की प्रत्येक पॅकेजवर वर्गाचे लेबल हवे, आणि एकाहून जास्त धोके असतील तर प्रत्येक धोक्याचे वेगळे. नियम १३४ मध्ये आपत्कालीन माहिती फलकाचे वर्णन आहे. हा फलक गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, असा तीन ठिकाणी हवा. त्यावर मालाचे अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, वर्गाचा आकडा किमान १०० मिलिमीटर उंच, लेबल किमान २५० मिलिमीटरचे, आणि आपत्कालीन सेवा व माल पाठवणाऱ्याचे दूरध्वनी क्रमांक. नियम १३१ नुसार माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला आणि चालकाला पूर्ण व अचूक माहिती द्यायची आहे. चालकाने ती ट्रेम कार्डाच्या रूपात केबिनमध्ये ठेवायची आहे. नियम ९ नुसार अशा चालकाने तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घेतलेले हवे आणि तशी नोंद त्याच्या परवान्यावर हवी.

एकाच रसायनाचा टँकर असेल तर ही सगळी व्यवस्था झकास बसते. एक नाव, एक आकडा, एक कार्ड. महामार्गावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या टँकरची पाटी पाहून शंभर मीटरवरून कळते की काय आहे. पण आपल्या टेम्पोत पाच नावे, तीन मुख्य वर्ग आणि दोन दुय्यम धोके आहेत. प्रत्यक्षात अशा गाड्यांवर काय दिसते? बहुतेक वेळा मागच्या फाळक्यावर ‘केमिकल’ असे रंगवलेले असते, किंवा आठव्या वर्गाचे एकच लेबल चिकटवलेले असते, कारण मालातले सर्वांत जास्त नग त्या वर्गाचे असतात. केबिनमध्ये पाच ट्रेम कार्डे हवीत. पाचही पाहिल्याचे सांगणारा चालक भेटणे कठीण.

पाटी अपुरी आहे हा त्यातला लहान दोष. मोठी गोष्ट वेगळी आहे. पाटी सांगते की हा माल माणसाचे किंवा गाडीचे काय करील. तो शेजारच्या मालाचे काय करील हे ती सांगत नाही.

हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घ्या. दोघांचा मुख्य वर्ग आठ. दोघांवर तोच काळा-पांढरा चौकोन, ज्यावर परीक्षानळीतून हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवले आहेत. गोडाऊनमधला लेबल पाहून माल लावणारा माणूस दोन्ही शेजारी लावील, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण आठ नंबरचा माल आठ नंबरजवळ. पण हायपोक्लोराइट अल्कलीमध्येच टिकते. त्याचा पीएच आम्लाने खाली आणला की ते मोडते आणि क्लोरीन बाहेर पडतो.

किती क्लोरीन? साधा हिशेब करता येतो. ५० किलोच्या एका कॅनमध्ये १० टक्के उपलब्ध क्लोरीन धरला तर ५ किलो झाला. पुरेसे तीव्र आम्ल पूर्ण मिसळले तर जवळपास तेवढाच वायू सुटू शकतो, आणि सामान्य तापमानाला त्याचे आकारमान सुमारे १,७०० लिटर भरते. हवेत दहा लाख भागांत १० भाग क्लोरीन असला की ती हवा जीविताला तत्काळ धोकादायक समजली जाते. एका कॅनमधला क्लोरीन सारखा पसरला तर तो १ लाख ७० हजार घनमीटर हवा त्या पातळीला नेऊ शकतो. अ‍ॅसिटिक हे सौम्य आम्ल आहे आणि ताडपत्रीखाली दोन फुटक्या कॅनांचे मिश्रण कधी पूर्ण होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच कमी येईल. पण क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. तो वर निघून जात नाही, गाडीच्या तळाशी, खड्ड्यात, रस्त्याकडेच्या चरात साचतो, आणि गळती पाहायला फाळका उघडणारा क्लीनर नेमका तिथेच वाकतो.

पेरॉक्साइडची तऱ्हा निराळी. त्याला बिघडायला शत्रू लागतोच असे नाही, मळही पुरतो. लोखंडाचा गंज, तांब्याचा कण, थोडी अल्कली, यांतले काहीही कॅनमध्ये गेले की ते पाणी आणि ऑक्सिजन यांत मोडू लागते, तापते, आणि तापले की आणखी वेगाने मोडते. ५० टक्क्यांचे एक लिटर पेरॉक्साइड पूर्ण मोडले तर सुमारे २०० लिटर ऑक्सिजन सुटतो. म्हणूनच त्याच्या कॅनचे झाकण हवा सोडणारे असते. ते झाकण गळते आहे असे समजून त्यावर प्लास्टिक गुंडाळणारे किंवा घट्ट बसणारे दुसरे झाकण लावणारे लोक आहेत. तो कॅन मग फुगतो. आणि झाकणाला भोक असल्यामुळेच पेरॉक्साइडचा कॅन कधी आडवा ठेवायचा नसतो.

सांडलेले पेरॉक्साइड तर फसवे असते. लाकडी फळीवर किंवा गोणपाटावर सांडले तर लगेच काही होत नाही. पाणी उडून जाते, उरलेले पेरॉक्साइड तीव्र होत जाते आणि तासाभराने, कधी त्याहून उशिरा, लाकूड पेट घेते. सांडले की भुसा टाकायचा ही गोडाऊनमधली जुनी सवय इथे आगीला निमंत्रण देते. यावर भरपूर पाणी हाच उपाय.

आता हायड्रोज. पांढरी भुकटी, काडी पेटवल्यावर येतो तसा गंधकी वास. ती ओल धरली की तापते आणि सल्फर डायऑक्साइड सोडते, आणि पुरेशी तापली की पेटते. तिचे काम रंगखात्यात क्षपणाचे, म्हणजे पेरॉक्साइडच्या नेमके उलट. एक ऑक्सिजन देणारा, दुसरा हिसकावणारा. दोघे एकत्र आले तर काय होईल हे सांगायला रसायनशास्त्र शिकलेला माणूस नको. पेरॉक्साइडच्या गळक्या कॅनखाली हायड्रोजचा ड्रम असेल आणि त्याचे झाकण वाकलेले असेल, तर वरून येणाऱ्या प्रत्येक थेंबात पाणीही आहे आणि ऑक्सिडायझरही.

हायड्रोजच्या आगीबद्दल एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी, कारण वर्गाच्या आकड्यावर विसंबणे किती अपुरे आहे हे ती दाखवते. अमेरिका आणि कॅनडात अग्निशमन दले वापरतात त्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत आपोआप पेटणाऱ्या पदार्थांसाठी सर्वसाधारण सूचना अशी आहे की पदार्थावर पाणी किंवा फेस मारू नका. पण त्याच पानावर यूएन १३८४ चे नाव घेऊन अपवाद दिला आहे: याच्या लहान-मोठ्या कोणत्याही आगीवर पाण्याचा पूर लोटा, कारण याला जळायला बाहेरची हवा लागत नाही आणि झाकून ते विझत नाही. थोडे पाणी आग लावते आणि भरपूर पाणी ती विझवते. ड्रमवरचे ४.२ चे लेबल पाहून जवान कोरडी पावडर मारत बसला तर ड्रम आतून जळतच राहील. त्याला १३८४ हा आकडा दिसला तरच नेमकी कृती कळेल.

मग कायदा या शेजाऱ्यांबद्दल काय म्हणतो? समुद्रमार्गे जाणाऱ्या मालासाठीची आंतरराष्ट्रीय संहिता सर्वांत काटेकोर आहे. तिच्यात वर्गांचा तक्ता आहे, त्यात ४.२ आणि ५.१ एकमेकांपासून विलग ठेवायचे, ५.१ आणि ८ विलग ठेवायचे, असे आकड्यांत दिले आहे. पण तक्त्यावर न थांबता तिने वर्गाला छेदून जाणारे गट पाडले आहेत: आम्ले, अल्कली, हायपोक्लोराइट, सायनाइड वगैरे. त्यामुळे हायपोक्लोराइट आणि आम्ल दोन्ही आठव्या वर्गात असूनही त्यांना दूर ठेवण्याची अट पकडली जाते. अमेरिकेच्या रस्तेवाहतुकीच्या नियमांत तक्ता आहे, आणि शिवाय अशी अट आहे की आठव्या वर्गाचा द्रव चौथ्या किंवा पाचव्या वर्गाच्या मालाच्या वर किंवा शेजारी लावायचा नाही, मध्ये काहीही घातले तरी. सूट आहे ती एकाच ट्रकभर मालाला, आणि तीही मिसळून आग, उष्णता किंवा वायू निर्माण होणार नाही हे ठाऊक असेल तरच. युरोपचा रस्तेवाहतूक करार मात्र या बाबतीत ढिला आहे. त्याची एकत्र भरण्याची बंधने मुख्यतः स्फोटकांभोवती फिरतात आणि बाकीचा भरवसा पॅकिंगच्या दर्जावर.

आपल्या मोटार वाहन नियमांत असा तक्ता नाही. पाठवणाऱ्याने माहिती द्यायची, वाहतूकदाराने पाळायची, एवढे आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी आयएस १८१४९ हे मानक काढले, त्यात विलगीकरणाचा विषय आला. पण ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत. युरोपचा भरवसा पॅकिंगवर ठेवणे आपल्याला परवडण्याजोगे नाही असे मला वाटते. तिथे प्लास्टिकचा कॅन साधारण पाच वर्षांनी धोकादायक मालाच्या वाहतुकीतून बाद होतो. आपल्याकडे एकच निळा कॅन वर्षानुवर्षे फिरतो, आणि कधी कालच्या हायपोच्या कॅनमध्ये आज आम्ल भरलेले असते.

तक्ता नसला तरी शेजार ठरवायला लागणारी माहिती गाडीबरोबरच येते. प्रत्येक रसायनासोबत सेफ्टी डेटा शीट असते, तिचे सोळा भाग असतात. बिल करणारे चौदावा भाग उघडतात, कारण यूएन नंबर, वर्ग आणि पॅकिंग ग्रुप तिथे आहेत. माल लावणाऱ्याने उघडायला हवा तो दहावा भाग. त्यात कोणत्या पदार्थांशी हे जमत नाही त्यांची यादी असते.

पाच शीटचे दहावे भाग समोर ठेवून आपल्या टेम्पोतल्या दहा जोड्या तपासू. पेरॉक्साइड आणि अ‍ॅसिटिक: नको, एक ऑक्सिडायझर आणि दुसरे जळणारे, शिवाय दोन्ही मिळून परअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तयार होते. पेरॉक्साइड आणि हायपो: नको, झपाट्याने ऑक्सिजन सुटतो. पेरॉक्साइड आणि हायड्रोज: मुळीच नको. पेरॉक्साइड आणि कॉस्टिक: नको, अल्कलीत पेरॉक्साइड मोडते. अ‍ॅसिटिक आणि हायपो: क्लोरीन. अ‍ॅसिटिक आणि हायड्रोज: सल्फर डायऑक्साइड. अ‍ॅसिटिक आणि कॉस्टिक: प्रचंड उष्णता. हायपो आणि हायड्रोज: उष्णता. हायड्रोज आणि कॉस्टिक यांचे रासायनिक वैर नाही, रंगखात्यात ती एकाच टाकीत पडतात, पण कॉस्टिक हवेतली ओल ओढून पाझरते आणि ओल हायड्रोजला चालत नाही, म्हणून अंतर ठेवून. हायपो आणि कॉस्टिक ही एकच जोडी खऱ्या अर्थाने जमते, कारण हायपो टिकावे म्हणून त्यात मुळातच थोडे कॉस्टिक असते.

म्हणजे पेरॉक्साइड, अ‍ॅसिटिक, हायपो आणि हायड्रोज यांचे चौघांचेही परस्परांशी जमत नाही. काटेकोरपणे चार गाड्या लागतात, आणि कॉस्टिकला हायपोच्या गाडीत जागा मिळते. शंभर नगांच्या मागणीला चार गाड्या कोणी लावणार नाही, हे मलाही कळते. म्हणूनच ‘वेगळे पाठवा’ असा कोरडा सल्ला देऊन काही होत नाही, आणि तपासणीची भीती घालूनही नाही.

ज्या विक्रेत्यांनी हे सोडवले आहे ते गाडी ग्राहकाप्रमाणे न भरता मालाप्रमाणे भरतात. इचलकरंजीला एकच प्रोसेस हाउस नाही, अनेक आहेत, आणि सगळ्यांना तेच पाच पदार्थ लागतात. सोमवारी पेरॉक्साइडची गाडी सहा ठिकाणी उतरवत जाते, बुधवारी हायपो आणि कॉस्टिकची, शुक्रवारी अ‍ॅसिटिकची. ग्राहकाला पाच दिवसांचे नियोजन करावे लागते, भाडे तेवढेच राहते. शिवाय अशा गाडीवरची पाटी खरी असते: एक किंवा दोन नावे, आणि त्यांची कार्डे. ग्राहक मात्र आज मागितले की उद्या हवे म्हणतो, तिथे ही रचना मोडते. मग पुन्हा टेम्पो एक आणि माल पाच.

तेव्हा निदान इतके करता येते. पेरॉक्साइड आणि हायड्रोज यांना कोणत्याही सबबीखाली एका गाडीत घ्यायचे नाही. हायपो आणि अ‍ॅसिटिक यांनाही नाही. जे घेतले ते द्रव खाली आणि कोरडे वर. उलटे असेल तर गळती सरळ गोण्यांत जाते. दोन मालांच्या मध्ये निष्क्रिय माल घालायचा. रंगखात्याला मिठाच्या किंवा ग्लॉबर सॉल्टच्या गोण्या लागतातच, त्यांची आडवी भिंत उत्तम होते. कापडाच्या चिंध्या, गवत, भुसा यांची भिंत नको. द्रवाचे कॅन कड असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेवर, म्हणजे गळती झाली तर ती ट्रेमध्येच राहील. आणि कॅन दोरीने एकमेकांना बांधलेले, कारण खंबाटकीच्या वळणावर सुटा कॅन आडवा व्हायला वेळ लागत नाही.

रस्त्यात काही बिनसले तर त्याची चाहूल आधी लागते. पेरॉक्साइडचा कॅन फुगलेला किंवा हाताला गरम लागला तर तो बिघडायला सुरुवात झाली आहे. हायपोच्या कॅनचे तोंड पांढरट पडले आणि शेजारच्या पत्र्यावर नवा गंज दिसला तर वाफ सुटते आहे. ताडपत्रीतून काडीचा वास आला तर हायड्रोजला ओल लागली आहे. डोळे चुरचुरले आणि पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास आला तर फाळका उघडायचा नाही. गाडी वस्तीपासून दूर, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उभी करायची, स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचे, आणि कार्ड हातात घेऊन फोन करायचा. नियम १३६ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे चालकावर बंधनकारक आहे.

गाडी सुखरूप पोचली तरी काम संपत नाही. मोठे अपघात पुष्कळदा उतरवताना होतात. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या अ‍ॅचिसन गावी एका कारखान्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा टँकर आला. माल बरोबर होता, पाटी बरोबर होती, कागद बरोबर होते. पण आम्ल भरण्याचे तोंड आणि सोडियम हायपोक्लोराइट भरण्याचे तोंड एकमेकांपासून १८ इंचांवर होते, दिसायला सारखी, आणि हायपोच्या तोंडाचे कुलूप उघडे राहिले होते. टँकरची नळी तिथे जोडली गेली. सुमारे १५ हजार लिटर आम्ल हायपोच्या टाकीत गेले आणि हिरवट-पिवळा ढग गावावर चालून गेला. वायू इतक्या झपाट्याने पसरला की चालकाला झडप बंद करायला परत जाता आले नाही. १४० हून जास्त लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली, हजारोंना घरात थांबण्याचा किंवा घर सोडण्याचा आदेश निघाला. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत मुख्य बोट ठेवले गेले ते त्या दोन सारख्या तोंडांवर.

आपल्याकडच्या प्रोसेस हाउसमध्ये ही तोंडे पुष्कळदा एकाच भिंतीवर असतात, कारण पंप तिथे आहे आणि गाडी तिथेच लागते. नळीची जोडणी दोन्ही तोंडांवर सारखीच बसते, कारण स्टोअरमध्ये एकाच मापाची कपलिंग ठेवणे सोयीचे. आम्लाच्या तोंडाला वेगळ्या मापाचे कपलिंग लावायला एका फिटरची एक दुपार लागते. वेगळे कुलूप आणि त्याची चावी त्या मालाच्या पावतीबरोबर द्यायची पद्धत घालायला तर तेवढाही वेळ लागत नाही.